कॉलरवर, काठीवर की खिशात?

लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली. डोक्यावर पंखा, कोपऱ्यात फ्रीज, खिडकीखाली वाहता रस्ता आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची मालिका. अशा खोलीत समजा एक निवृत्त गिरणी कामगार १९८२च्या संपाच्या आठवणी सांगायला बसले आहेत आणि त्यांची नात त्या रेकॉर्ड करणार आहे. तिच्याकडे तीन गोष्टी आहेत. स्वतःचा मोबाइल आहे. हजार रुपयांच्या आसपास मिळणारा, शर्टाला चिमट्याने लावायचा कॉलर माइक आहे. आणि लग्नाची शूटिंग करणाऱ्या मित्राने कॅमेऱ्यासकट दिलेला लांबुळका गन माइकही आहे, इंग्रजी पुस्तकं ज्याला ‘शॉटगन’ म्हणतात तो. ती कुठला वापरेल?

बहुतेक जण गन माइककडे हात नेतील. तो दिसायला भारदस्त असतो, किमतीने वरचढ असतो आणि बातमीदारांच्या हातात रोज दिसतो. नावामुळे असंही वाटतं, की जिकडे नेम धरावा तिकडचा आवाज तो ओढून आणतो आणि बाकीचा बाहेर ठेवतो. या खोलीत मात्र कॅमेऱ्यावर बसवलेला हा माइक कॉलर माइकपुढे हरतो, आणि नीट धरलेल्या मोबाइलपुढेसुद्धा. तो का हरतो हे कळलं, की निवड जवळपास आपोआप होते.

आधी खोलीतला हिशेब पाहू. साध्या बोलण्याचा आवाज तोंडापासून एक मीटरवर साधारण ६० डेसिबल भरतो. पंखा, रस्ता आणि टीव्ही मिळून खोलीतला गोंगाट ५५ डेसिबल धरला, तर एक मीटरवर ठेवलेल्या माइकला बोलणं गोंगाटापेक्षा फक्त ५ डेसिबलने वर ऐकू येतं. समोर बसलेल्या माणसाला हे पुरतं, कारण त्याला दोन कान असतात, डोळ्यांपुढे हलणारे ओठ असतात आणि नको ते गाळण्यात तरबेज मेंदू असतो. रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला यातलं फारसं काही मिळत नाही. त्याला ताण न पडता ऐकता यावं, यासाठी बोलणं आणि गोंगाट यांत निदान १५ ते २० डेसिबलचा फरक हवा.

हा फरक मिळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे माइक जवळ नेणं. तोंडापासूनचं अंतर निम्मं केलं की बोलण्याची पातळी ६ डेसिबलने वाढते. पुन्हा निम्मं केलं की आणखी ६. गोंगाट मात्र तेवढाच राहतो, कारण तो चारही बाजूंनी येऊन खोलीभर सारखा पसरलेला असतो. माइक एक मीटरवरून २० सेंटिमीटरवर आणला, तर बोलणं ६० वरून ७४ वर जातं आणि गोंगाट ५५ वरच थांबतो. पाचाचा फरक एकोणीसचा झाला आणि खर्च शून्य.

आता गन माइक. त्याच्या नळीला दोन्ही बाजूंनी खाचा असतात आणि आवाज टिपणारी चकती आत, मागच्या टोकाला असते. समोरून आलेला आवाज सरळ नळीतून चकतीपर्यंत पोचतो. बाजूने येणारा आवाज वेगवेगळ्या खाचांतून, थोड्या थोड्या वेळाच्या अंतराने आत शिरतो आणि या लाटा एकमेकींना मारतात. युक्ती सुंदर आहे, पण तिला नळीच्या लांबीची मर्यादा आहे. आवाजाची लाट नळीपेक्षा लांब असेल, तर खाचांमुळे पडणारा वेळेचा फरक पुरत नाही. शंभर हर्ट्झच्या घुमणाऱ्या आवाजाची लाट जवळजवळ साडेतीन मीटरची असते, हजार हर्ट्झची सुमारे ३४ सेंटिमीटरची. चित्रपट आणि टीव्हीच्या जगात नावाजलेला सेनहायझर एमकेएच ४१६ हा माइक २५ सेंटिमीटर लांब आहे. म्हणजे ट्रकची घरघर किंवा पंख्याची घुमघुम त्याच्या नळीच्या आवाक्यात येत नाही. अशा खालच्या सुरांना तो साध्या दिशादर्शी माइकइतकंच अडवतो, त्याहून जास्त नाही. कॅमेऱ्यावर बसवायच्या छोट्या गन माइकची नळी तर काही बोटांएवढीच असते, त्यामुळे तिचं काम आणखी वरच्या सुरांपासून सुरू होतं.

चारही बाजूंच्या गोंगाटातून असा माइक सरासरी सहा-एक डेसिबल गाळतो. ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण मित्राने तो कॅमेऱ्यावर बसवून दिला आहे आणि आजोबा चौकटीत नीट दिसायचे तर कॅमेरा दीड मीटरवर ठेवावा लागतो. तिथे बोलणं ५६ पर्यंत उतरलेलं असतं. गोंगाट ५५ वरून गाळून ४९ झाला, तरी फरक निघतो जेमतेम सातचा. वीस सेंटिमीटरवरचा हजार रुपयांचा माइक काहीही न गाळता याच्या कितीतरी पुढे जातो.

यात आणखी एक अडचण आहे, ती डेसिबलच्या हिशेबात धड दिसत नाही. बंद खोलीत बोलणं माइकपर्यंत एकदा सरळ येतं आणि मग भिंती, छत, फरशी यांवर आपटून पुन्हा पुन्हा येतं. तोंडापासून काही अंतरावर सरळ आलेला आणि आपटून आलेला आवाज समसमान होतात. त्यापलीकडे माइक नेला की माणसापेक्षा खोलीच जास्त ऐकू येऊ लागते. चाळीतल्या या खोलीत, कपाट आणि गाद्या धरून, हे अंतर जेमतेम अर्धा मीटर असतं. उघड्या भिंती आणि चकचकीत टाइल्स असतील तर आणखी कमी. दिशादर्शी माइकला ही मर्यादा साधारण दुपटीपर्यंत ताणता येते, तरी दीड मीटर तिच्या बाहेरच राहतं. शिवाय भिंतीवरून परतलेला आवाज समोरूनच नळीत शिरला, तर त्याला अडवायचं कारण माइककडे नसतं, आणि तिरक्या कोनांतून शिरलेल्या प्रतिध्वनींमुळे बोलण्याचा पोत पोकळ, पत्र्यासारखा होतो. म्हणूनच चित्रपटांचे साउंड रेकॉर्डिस्ट घरातल्या प्रसंगांना पुष्कळदा गन माइक बाजूला ठेवतात आणि नळी नसलेला, आखूड दिशादर्शी माइक काठीला लावतात. गन माइकची खरी कर्तबगारी उघड्या मैदानात दिसते, जिथे आवाज परतवायला भिंतीच नसतात.

कॉलर माइक बहुधा सर्वदिशी असतो. त्याला पुढे-मागे कळत नाही, तो फक्त जवळ असतो. तोंडाखाली वीतभर अंतरावर, शर्टाच्या दुसऱ्या बटणाजवळ तो लावला की आजोबांनी मान वर-खाली केली तरी आवाज फारसा हलत नाही. छातीशी असल्यामुळे बोलण्यातले वरचे, धारदार सूर तिथे थोडे कमी पोचतात आणि हनुवटीची सावलीही पडते. हे जमेस धरूनसुद्धा आपल्या हिशेबात सोळा-सतराचा फरक उरतो. आजोबा नातीकडे तोंड करून बोलणार असतील आणि ती त्यांच्या उजव्या हाताला बसली असेल, तर माइक थोडा उजवीकडे लावावा.

त्याचं नुकसान कपडे आणि दागिने करतात. बारीक घासण्याचा जो खरखर आवाज येतो, तो नंतर काढणं अवघड, कारण तो नेमका शब्दांवरच बसलेला असतो. सुती शर्ट गरीब असतो. कडक इस्त्रीचा झब्बा, रेशमी साडी आणि टेरिकॉट त्रास देतात. आजोबांऐवजी आजी बोलणार असेल, तर मंगळसूत्र माइकवर आपटणार नाही ना, हे आधी पाहावं आणि पदराच्या आत माइक लपवण्याचा मोह टाळावा. माइक दिसला तर दिसू द्यावा. चिमट्याखाली वायरचा एक छोटा वळसा घेऊन तो चिकटपट्टीने कापडाला चिकटवला, की वायर ओढली गेल्याचा धक्का माइकपर्यंत पोचत नाही. वरून पंख्याचा झोत येत असेल, तर स्पंजची टोपी काढू नये. तिच्याविना हवेचा झोत ढबढब असा ऐकू येतो आणि तो दोष लोक अनेकदा माइकच्या माथी मारतात.

वायरच्या कॉलर माइकची आणखी एक खोड आहे. तो मोबाइलला लागेलच असं नाही. मोबाइलच्या गोल खाचेत चालणाऱ्या पिनवर तीन काळ्या पट्ट्या असतात, कॅमेऱ्याच्या पिनवर दोन. बोयाचा बीवाय-एम१ हा आपल्याकडे खूप खपणारा माइक दोन्हीकडे चालतो, पण वायरवरच्या डबीतलं बटण योग्य बाजूला असावं लागतं आणि कॅमेऱ्यासाठी डबीतली छोटी बटण-बॅटरीही जिवंत लागते. नव्या मोबाइलांना गोल खाच नसते. मग टाइप-सीचं जोडपिन लागतं आणि काही स्वस्त जोडपिनांत माइकचा आवाज आकड्यांत बदलणारी चिपच नसते. अशा वेळी मोबाइल काहीही तक्रार न करता स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करत राहतो. ओळखायची खूण सोपी आहे: रेकॉर्डिंग चालू करून कॉलर माइकवर नखाने हलकेच टिचकी मारायची, मग मोबाइलच्या खालच्या भोकाशी मारायची आणि लगेच ऐकायचं. जी टिचकी मोठी, तो माइक चालू.

बिनतारी कॉलर माइक आता स्वस्त झाले आहेत आणि मोकळेपणासाठी लोकांना ते आवडतात. बरेचसे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे वाय-फाय आणि ब्लूटूथच्याच गर्दीत. माणसाचं शरीर या लहरी चांगल्याच अडवतं. बोलणाऱ्याने पाठ फिरवली की शब्द तुटू शकतात. एका जागी बसून बोलणाऱ्या आजोबांसाठी वायर केव्हाही बरी.

उरला मोबाइल. त्याची बदनामी माइकमुळे झालेली नाही, तो जिथे ठेवला जातो त्या जागेमुळे झाली आहे. मोबाइलमधला माइकही सर्वदिशी असतो आणि त्याचा दर्जा स्वस्त कॉलर माइकपेक्षा कमी असतोच असं नाही. त्याला एक मीटरवर टेबलावर ठेवलं तर पाचाचा फरक मिळणार, तोंडाजवळ २० सेंटिमीटरवर नेलं तर एकोणीसचा. टेबलावर ठेवलेला मोबाइल टेबलाचे हादरेही टिपतो. ज्यांना टेबलच वापरायचं आहे, त्यांनी निदान खाली घडी केलेला टॉवेल घालावा.

यातून एक बिनखर्चाची सोय निघते. नातीच्या मोबाइलने व्हिडिओ घ्यायचा आणि घरातला दुसरा मोबाइल आजोबांच्या शर्टाच्या खिशात उलटा ठेवायचा, म्हणजे चार्जिंगची बाजू वर आणि खिशाच्या बाहेर, कारण मुख्य माइकचं भोक तिथेच असतं. त्यावर रेकॉर्डरचं ॲप चालू करायचं. दोन्ही चालू झाल्यावर नातीने कॅमेऱ्यासमोर एकदा जोरात टाळी वाजवायची. नंतर व्हिडिओ जोडताना हात मिटल्याचं चित्र आणि टाळीचा आवाज एकत्र आणले, की खिशातला आवाज चित्राला लागतो. तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन मोबाइलांची घड्याळं किंचित पुढेमागे होतात, त्यामुळे दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा टाळी वाजवून ठेवावी. दोन्ही मोबाइल विमान मोडवर हवेत. नाहीतर ऐन रंगात आलेल्या गोष्टीत कर्जाची जाहिरात करणारा फोन येतो आणि काही मोबाइल रेकॉर्डिंगही थांबवतात.

मोबाइलचा खरा धोका त्याच्या शहाणपणात आहे. बोलणं थांबलं की तो पातळी आपोआप वाढवतो आणि मधल्या शांततेत पंखा हळूहळू फुगून वर येतो. पुढचा शब्द आला की पंखा एकदम दबतो. शिवाय फोनवर बोलण्यासाठी बनवलेली गोंगाट-गाळणी काही ॲपमध्ये चालूच राहते आणि ती हळू उच्चारलेली अक्षरंही खाते. त्यामुळे व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप म्हणून आठवणी साठवू नयेत. तिथे आवाज गाळला जातो आणि दाबलाही जातो. साधं रेकॉर्डर ॲप वापरावं, आवाज गाळण्याचा पर्याय दिसला तर बंद ठेवावा आणि गुणवत्तेचा सर्वांत वरचा पर्याय निवडावा.

मग गन माइकला या खोलीत कामच नाही का? आहे, फक्त तो कॅमेऱ्यावरून उतरवायला हवा. काठीला बांधून तो आजोबांच्या कपाळाच्या थोडा पुढे आणि वर, चौकटीच्या जेमतेम बाहेर, ४० सेंटिमीटरवर धरला, तर बोलणं ६८ वर येतं, गोंगाट गाळून ४९ वर जातो आणि फरक होतो एकोणीसचा. म्हणजे वीस सेंटिमीटरवरच्या मोबाइलची बरोबरी. दिशादर्शी माइकची खरी मिळकत इतकीच: तोच निकाल दुप्पट अंतरावरून. वरून खाली रोखल्यामुळे त्याच्या नेमात समोरच्या भिंतीऐवजी आजोबांची मांडी आणि जमीन येते. तिथे सतरंजी किंवा गोधडी अंथरली की परतणारा आवाजही कमी होतो. आजी मध्येच बोलणार असेल, शेजारचे जुने कामगार मित्र येऊन बसणार असतील, तर तिघाचौघांना कॉलर माइक लावण्यापेक्षा काठीवरचा एक माइक फिरवणं सोयीचं. अर्थात काठी धरायला एक माणूस लागतो. त्याचे दंड दहा मिनिटांत भरून येतात आणि गप्पांच्या ओघात नेम चुकला की आवाज लगेच लांब जातो. काठी धरणारं कोणी नसेल तर गन माइक मित्राला परत करावा, हे उत्तम.

माइक कुठलाही असो, गोंगाट मुळातून कमी केला तर त्याचा फायदा सगळ्यांना सारखाच मिळतो. पंखा बंद करता येत असेल तर करावा. फ्रीजही बंद करावा आणि घराची किल्ली त्यातच ठेवावी. चित्रीकरणवाल्यांची ही जुनी युक्ती आहे, कारण किल्लीशिवाय बाहेर पडता येत नाही आणि फ्रीज पुन्हा चालू करायचं विसरत नाही. खिडकी लावून घ्यावी. पण सगळेच गोंगाट सारखे नसतात. पंख्याची एकसुरी घरघर नंतर संगणकावर बरीच काढता येते. भिंतीपलीकडची मालिका काढता येत नाही, कारण तीही माणसांची बोलणीच असतात आणि आजोबांच्या बोलण्याच्याच सुरांत बसलेली असतात. खोलीतला प्रतिध्वनीही नीटसा निघत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात एकच गोष्ट मागायची असेल, तर पंखा चालू राहू द्यावा आणि शेजाऱ्यांना टीव्हीचा आवाज कमी करायला सांगावं.

गोंगाटाचा माणसाच्या गळ्यावरही परिणाम होतो. फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार्द यांनी १९११ मध्ये दाखवून दिलं, की भोवती आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. साचेखात्यात वर्षं काढलेल्यांना तर हे सवयीचंच झालेलं असतं. यंत्रांच्या धडधडीत ओरडूनच बोलावं लागे आणि अनेकांचे कान त्यातच गेले. असे आजोबा चढ्या आवाजात बोलले तर माइकला बरंच आहे, फक्त पातळी आधी तपासून ठेवावी. ॲपवर आकडे दिसत असतील, तर सर्वांत जोराचा शब्द उणे १२च्या आसपास राहावा. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही.

शेवटचं काम अर्ध्या मिनिटाचं आहे आणि बहुतेक लोक तेच टाळतात. आजोबांना गावचं नाव, गिरणीचं नाव आणि आज काय जेवले ते सांगायला लावावं, मग सगळ्यांनी दहा सेकंद गप्प बसावं आणि लगेच हेडफोन लावून ऐकावं. बोलण्यात खरखर असेल तर माइक कापडापासून सोडवावा. बोलणं विहिरीतून आल्यासारखं असेल तर माइक लांब आहे. गप्प बसलेल्या दहा सेकंदांत पंखा हळूहळू मोठा होत गेला तर ॲपची आपोआप पातळी बंद करावी. त्या दहा सेकंदांत बारीक गुणगुण ऐकू आली आणि मोबाइल चार्जरला लावलेला असेल, तर चार्जर काढून पाहावा. ते दहा सेकंद पुसूही नयेत. नंतर संगणकावर पंखा काढायचा झाला, तर नुसत्या पंख्याचा तो नमुना लागतो.

तेव्हा या नातीने आज दुपारी वायरचा कॉलर माइक लावावा आणि तो मोबाइलला जुळला नाही, तर दुसरा मोबाइल आजोबांच्या खिशात उलटा ठेवून पहिली टाळी वाजवावी.